हिल असिस्ट आणि हिल डिसेंटचं बटण घाटात कधी वापरायचं?

प्रश्न: नवीन गाडी घेतली, मॅन्युअल गिअरची आहे. तिच्यात हिल असिस्ट आहे आणि हिल डिसेंटचं एक बटण पण आहे. पुढच्या महिन्यात फॅमिली घेऊन चिखलदऱ्याला जाऊन राहिलो. घाट उतरताना ते बटण दाबून ठेवायचं का? आणि हे दोन्ही नेमकं करतात काय?

उत्तर:

नाही भाऊ, घाट उतरताना ते बटण नका दाबू. काहून ते सांगतो, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा की ह्या दोन्ही सोयी म्हणजे तुमच्या गाडीचे नेहमीचेच ब्रेक आहेत, तेच पॅड, तीच डिस्क. फरक एवढाच की तुमच्या पायाऐवजी बॉनेटखालचं एबीएसचं युनिट ते धरतं किंवा दाबतं. शोरूमवाले असं समजावतात की जसं काही वेगळं मशीनच बसवलं, तसं काही नसते.

आधी चढावाचं. ब्रेक सोडून पाय रेसवर न्यायला कितीही सवय असली तरी अर्धा ते एक सेकंद जातोच. आता समजा २० टक्के चढ आहे, म्हणजे दहा मीटर पुढे गेलं की दोन मीटर वर. घाटात सगळीकडे एवढा नसतो पण वळणाच्या आतल्या बाजूला असा तुकडा येतो. माणसांसकट दीड टनाची गाडी तिथं उभी असली तर तिला मागं ओढणारं बळ जवळपास तीनशे किलो वजनाएवढं असते. ब्रेक सुटला आणि क्लचनं अजून पकडलं नाही तर पहिल्या एका सेकंदातच गाडी मीटरभर मागं जाते आणि दोन सेकंदांत साडेतीन-चार मीटर, म्हणजे मागच्या गाडीच्या थेट मांडीवर.

हिल असिस्ट हेच दोन सेकंद भरून काढते. गाडीत एक सेन्सर असतो, त्याला कळते की गाडी चढावर उभी आहे. तुम्ही ब्रेक दाबून थांबलात की ब्रेकच्या पाइपात जे प्रेशर तयार झालं ते पाय उचलल्यावर परत जाऊ न देता युनिटमधला व्हॉल्व्ह अडवून ठेवतो, बहुतेक गाड्यांत साधारण दोन सेकंद, काहींत तीन. तेवढ्यात तुम्ही क्लच सोडत आणला, थोडी रेस दिली, इंजिनानं भार उचलला की ते हळूच प्रेशर सोडून देते. बटण वगैरे काही नाही, ते आपोआपच असते. उताराकडं तोंड करून उभे असाल आणि मागं घ्यायची असेल तर रिव्हर्स गिअरमध्येही असंच धरते.

आता यात लोकं कुठं चुकतात ते पाहा. मागच्या ऑगस्टात आम्ही वरच चाललो होतो, धुकं एवढं की पुढच्या गाडीचा लाल दिवाच काय तो दिसे. साळा चालवत होता. वळणावर वरून एसटी आली म्हणून सगळे थांबले. एसटी गेली, साळ्यानं क्लच दाबून पहिला टाकला, ब्रेकवरचा पाय काढला आणि नेमका त्याच वेळी काचेवरची वाफ पुसायला फडकं शोधत बसला. दोन सेकंद झाले. "भाऊजी, गाडी मांगं चालली ना बाप्पा!" असं मलाच ओरडून सांगते, स्टेअरिंग त्याच्या हातात! मग घाबरून क्लच एकदम सोडला, गाडी बंद पडली, मागच्या जीपवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून सगळा घाट जागा केला. वर पोचल्यावर साळा म्हणे हिल असिस्ट खराब आहे, सर्व्हिसिंगला दाखवा. खराब काही नव्हतं, त्याचं काम त्यानं केलं होतं, दोन सेकंद. ते हँडब्रेक नाही. पाय काढला म्हणजे निघायचंच, नाहीतर पाय परत ब्रेकवर. जास्त वेळ थांबायचं असेल तर हँडब्रेक ओढा आणि निवांत फडकं शोधा.

दुसरी चूक अशी की ब्रेक नुसता टेकवून थांबतात. युनिट अडवते ते तुम्हीच तयार केलेलं प्रेशर, त्यामुळे पाचजण आणि डिक्कीत सामान असलं तर थांबताना ब्रेक चांगला घट्ट दाबा, नाहीतर धरूनही गाडी सरकते. आणि बऱ्याच गाड्यांत न्यूट्रलवर हे चालतच नाही, गिअर टाकलेला लागतो. जायच्या आधी गावाजवळच्या एखाद्या पुलाच्या चढावर, मागं कोणी नसताना करून पाहा: घट्ट ब्रेक, क्लच पूर्ण खाली, पहिला गिअर, पाय काढा आणि मनात मोजा, किती वेळानं सरकते. तुमच्या गाडीचा आकडा तुम्हाला पाठ पाहिजे. डॅशबोर्डवर ईएसपीचा किंवा एबीएसचा पिवळा दिवा लागलेला असेल तर हेही बंदच समजा, कारण युनिट एकच आहे.

आता तुमच्या बटणाचं. हिल डिसेंट पहिल्यांदा आलं १९९७ च्या लँड रोव्हर फ्रीलँडरमध्ये, आणि ते काहून आलं हे समजलं की ते कुठं वापरायचं हेही समजते. त्या गाडीत जुन्या फोर बाय फोर जीपसारखा लो गिअर नव्हता. लो मध्ये पहिला टाकला की इंजिनच गाडीला धरून मुंगीच्या चालीनं खाली आणते, ब्रेकला पायसुद्धा लावावा लागत नाही. ते नव्हतं म्हणून ब्रेकच्या युनिटकडून तसं काम करून घेतलं. म्हणजे हे मुळात कच्च्या, तीव्र आणि छोट्या उतारासाठी आहे, डांबरी घाटासाठी नाही.

माझ्या वावराच्या मागं नाल्यात उतरणारी पांदण आहे, सैल मुरूम आणि वरून सुटी गिट्टी, उतार पन्नास-साठ मीटरचाच पण अंगावर येणारा. उतारावर गाडीचं वजन पुढच्या चाकांवर जाते, मागची चाकं हलकी होतात. तुम्ही पायानं ब्रेक दाबला की तो चारही चाकांना लागतो, मग गिट्टीवर आलेलं एखादं हलकं चाक आधी जाम होते आणि गाडी आडवी व्हायला पाहते. एबीएस सोडवतेच, पण घाबरलेला पाय अजून जोरात दाबतो. हिल डिसेंट प्रत्येक चाक वेगळं मोजते, ज्याला पकड आहे त्याला जास्त दाबते, जे घसरते त्याला सोडते, आणि स्पीड पायी चालल्यासारखी ठेवते. मी वरच पूर्ण थांबतो, बटण दाबतो, हिरवा दिवा लागला का पाहतो, पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण सोडतो आणि दोन्ही पाय खाली घेतो. खालून टर्रर्र टर्रर्र असा आवाज येतो, ब्रेकचा पेडल आपोआप थरथरतो. पहिल्यांदा वाटलं काहीतरी तुटलं. ते पंपाचं काम चालू आहे, घाबरू नका, फक्त स्टेअरिंग सरळ धरा.

क्लच मात्र दाबून ठेवायचा नाही, इथंच गडबड होते. क्लच दाबला की इंजिनाची मदत गेली, सगळा भार ब्रेकवर आला. आणि चढ चढताना मधातच दम तोडला तर गाडी वळवायच्या भानगडीत पडू नका, आडवी झाली की उलटते. ब्रेक दाबून रिव्हर्स टाका, बटण चालू करा आणि सरळ मागं या, बऱ्याच गाड्यांत ते रिव्हर्समध्येही चालते.

पावसात काळ्या मातीच्या उतारावर मात्र ह्या बटणाच्या भरवशावर राहू नका. माती टायरच्या खाचांत भरली की टायरचं लाटणं होते, चारही चाकांना पकडच नाही, मग कोणत्या चाकाला दाबेल ते? तिथं गाडी वर ठेवून पायी उतरायचं, मी तर तेच करतो.

आता घाट. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे आणि परतवाडा जवळपास सातशे मीटर खाली. दीड टनाची गाडी एवढी खाली आली की जी उष्णता निघते तेवढ्यात तीसेक लिटर पाण्याला उकळी येईल. ती कुठंतरी जाणारच, एकतर इंजिनात नाहीतर तुमच्या चार ब्रेकांत. गिअरमध्ये उतरलात तर बरीचशी इंजिन खाते, त्याला रेडिएटर आहे. हिल डिसेंट लावून किंवा न्यूट्रलवर ब्रेक दाबत आलात तर ती ब्रेकांत साठत जाते. तापलेले ब्रेक आधी जळका वास देतात, मग पेडल जास्त दाबावा लागतो, मग नुसताच खाली जातो. बऱ्याच गाड्यांत ब्रेक किती तापले याचा अंदाज कॉम्प्युटर ठेवतो आणि हिल डिसेंट स्वतःच बंद करतो, आणि ते नेमकं वळणावर झालं तर? शिवाय बहुतेक गाड्यांत तीस-चाळीसच्या वर स्पीड गेली की ते कामच करत नाही.

म्हणून जुन्या ड्रायव्हर लोकांचंच ऐका, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. दुसरा टाका, वळण फारच आवळ असलं तर पहिला, आणि ब्रेक वळणाच्या आधी थोडा वेळ जोरात दाबून पूर्ण सोडा, घासत ठेवू नका. न्यूट्रलवर पेट्रोल वाचते असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या, आताच्या गाड्यांत गिअरमध्ये रेस सोडली की इंजिनाचं पेट्रोल जवळपास बंदच होते, न्यूट्रलवर उलट ते इंजिन चालू ठेवायला जळत राहते.

वास आलाच तर रुंद जागा पाहून थांबा, गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा आणि अर्धा तास चहा प्या. डिस्कवर पाणी ओतू नका, वाकडी होते. नाहीच आला तरी परतवाड्यात उतरल्यावर एकदा पुढच्या चाकाजवळ हात नेऊन पाहा, लावू नका, नुसता जवळ. कोमट धग आली तर गिअर बरोबर वापरला, चुलीसारखी आली तर पुढच्या वेळी एक गिअर खाली.