पावणेसातला अर्धा पॉइंट कमी

प्रश्न: फायनल मार्कशीटवर सीजीपीए ६.७४ छापलाय, मी कॅल्क्युलेटरवर केलं तर ६.७४७०५ येतं, मग ते ६.७५ नको का? फॉर्मला ६० टक्के मागितलेत. मी बसतो का नाही?

भाऊ, आधी सरळ सांगतो. आज हातात जी मार्कशीट आहे तिच्यावर तू बसत नाहीस, आणि फॉर्ममध्ये आपल्या मनाने ६.७५ टाकू नको, व्हेरिफिकेशनच्या टेबलावर तोंडघशी पडशील. पण तुझ्या युनिव्हर्सिटीच्या नियमात राऊंड ऑफ लिहिलेलं असेल तर मार्कशीट दुरुस्त करून मागता येते आणि मग बसतोस. म्हणजे तुझं काम फॉर्मवाल्यांकडे नाही, मार्कशीट छापणाऱ्यांकडे आहे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात परीक्षा विभागात आहे, निकाल लागला की खिडकीवर हाच प्रश्न घेऊन दोन-चार पोरं तरी येतातच. तुझा आकडा बघून माझा अंदाज असा की तुझे एकूण क्रेडिट १७० आणि क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट यांची बेरीज ११४७. बघ जुळतं का. ११४७ भागिले १७० केलं की ६.७४७०५ येतं. आता ट्रंकेट म्हणजे तिसऱ्या दशांशापासून पुढचं सरळ कापून फेकायचं, ते ७ असो की ९, मग उरतं ६.७४. राऊंड ऑफ म्हणजे तिसरा आकडा ५ किंवा जास्त असेल तर दुसरा एकने वाढवायचा, मग होतं ६.७५. कापूस विकायला नेला की व्यापारी वरचे ग्राम सोडून देतो ना, आणि नेहमी आपल्याच बाजूचे सोडतो, तसं हे ट्रंकेट, ते कधी वर जातच नाही.

टक्क्यांचं गणित तुला माहीत असेलच, एआयसीटीईच्या तक्त्यात ६.२५ ला ५५, ६.७५ ला ६० आणि ७.२५ ला ६५ टक्के धरलेत, म्हणजे सीजीपीएला १० ने गुणायचं आणि ७.५ वजा करायचे. (तुझ्या युनिव्हर्सिटीचं सूत्र वेगळं असेल तर तेच धर, ते बहुतेक मार्कशीटच्या मागे छापलेलं असतं.) या सूत्राने ६.७४ चे ५९.९० टक्के होतात, ६.७५ चे बरोब्बर ६०, आणि तुझा न कापलेला आकडा घातला तर ५९.९७. वरती शंभराव्या भागाचा फरक होता तो इथे दहापट होऊन एक दशांश टक्का झाला. पोरांना वाटतं एवढ्याशाने काय होतंय, पण अट बरोबर त्या रेषेवर बसलेली असली की तेवढंच पुरतं.

आता एक गोष्ट सांगतो ती तुला आवडणार नाही. ट्रंकेट केलं म्हणून तुझ्यावर अन्याय झाला असं नाहीये. तुझा खरा आकडा पावणेसातच्या खालीच आहे, कॅल्क्युलेटरशिवाय बघ, पावणेसात पडायला १७० गुणिले ६.७५ म्हणजे ११४७.५ पाहिजेत आणि तुझे ११४७ आहेत. अर्धा पॉइंट कमी, तोही एका क्रेडिटचा. अट दोन दशांशात असेल आणि कापाकापी अगदी शेवटी एकदाच केलेली असेल तर ट्रंकेट कोणत्याच खऱ्या पात्र पोराला बाहेर काढत नाही, ज्याचा आकडा खरंच ६.७५ किंवा वर आहे त्याचं कापून पण ६.७५ च्या खाली जात नाही. उलट राऊंड ऑफच खालच्या पोरांना उचलून रेषेवर ठेवतं. आणि ती उचलायची जागा किती बारीक असते बघ, ६.७४५ पासून ६.७५ च्या आत, म्हणजे १७० क्रेडिटमध्ये ११४६.६५ ते ११४७.५ च्या मधली बेरीज. क्रेडिट आणि ग्रेड पॉइंट दोन्ही पूर्ण आकड्यात असले तर त्या पट्ट्यात फक्त ११४७ हा एकच आकडा येतो! ११४६ वाला दोन्ही पद्धतीने ६.७४, ११४८ वाला दोन्ही पद्धतीने ६.७५. सगळ्या वर्गात भांडण फक्त ११४७ वाल्याचं, आणि तो नेमका तू निघालास. एका क्रेडिटच्या कुठल्याही प्रॅक्टिकलला एक ग्रेड वर असती तर हा प्रश्नच आला नसता.

मग मार्कशीट दुरुस्त कशाच्या जोरावर मागायची? यूजीसीची सीबीसीएसची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात एसजीपीए आणि सीजीपीए दोन दशांशापर्यंत राऊंड ऑफ करून ट्रान्सक्रिप्टवर द्यावा असं लिहिलंय. पण ती मार्गदर्शक तत्त्वं आहेत, तुझ्यावर लागू होतो तो तुझ्या युनिव्हर्सिटीचा अध्यादेश, त्यात काय शब्द आहे ते बघ. तिथे राऊंड ऑफ असेल आणि छापताना कापलं असेल तर ती सरळ चूक आहे. तिथे कापायचंच लिहिलेलं असेल तर अर्ज करून फायदा नाही.

फॉर्मवाल्यांकडून माया होणार नाही हे धरून चाल. यूजीसी नेटच्या माहितीपत्रकात ५५ टक्के मागतात तिथेच राऊंड ऑफ न करता असं कंसात टाकलेलं असतं, आणि बँकभरतीच्या आयबीपीएसच्या जाहिरातीत तर उदाहरण देऊन लिहितात की ५९.९९ म्हणजे ६० पेक्षा कमीच धरणार. तू म्हणशील मग राऊंड ऑफ करून आणलेलं ६.७५ तरी कसं चालेल. माझं मत असं, की तपासणारा माणूस स्वतः राऊंड ऑफ करणार नाही एवढाच त्या ओळीचा अर्थ आहे, युनिव्हर्सिटीने अधिकृत कागदावर जो सीजीपीए दिला तो त्याच्यासाठी सुरुवातीचा आकडा, आणि त्या ६.७५ चे सूत्राने ६०.०० होतात, त्यात पुढे कापायला काही उरतच नाही. पण जिथे फॉर्मच एकूण मिळालेले पॉइंट आणि एकूण क्रेडिट मागतो तिथे ११४७ आणि १७० टाकल्यावर कॉम्प्युटर ५९.९७ दाखवणार, तिथे मार्कशीटचा उपयोग नाही. म्हणून फॉर्ममधले रकाने आधी बघून घे, दुरुस्तीच्या मागे लागण्यात अर्थ आहे का ते त्यावरून कळेल.

आमच्या घरातलंच एक सांगतो. माझी भाची धुळ्याला इंजिनिअरिंगला होती, कॅम्पसला एक कंपनी येणार होती, अट ६.७५. तिच्या गुणपत्रिकेवर ६.७५ होतं आणि यादीत नाव नाही. रात्री फोन, "मामा, मार्कशीटवर तं पावनेसात शे, मंग मन्हं नाव का बरं नही?" मला वाटलं टायपिंगची चूक असेल. दुसऱ्या दिवशी तिने तिथल्या सरांकडून ती एक्सेलची शीट मागून आणली, शीटमध्ये पण ६.७५ च दिसत होतं आणि शेजारच्या रकान्यात No! सेलवर क्लिक केलं तेव्हा कळलं, वरच्या पट्टीत नुसता भागाकार होता, राऊंड कुठेच नाही. दोन दशांश फक्त दाखवायला लावलेले, आत खरा आकडा ६.७४७ काहीतरी. एक्सेल डोळ्याला राऊंड करून दाखवतं पण तुलना करताना आतला पूर्ण आकडा घेतं.

```
=B2/C2                    (6.75 दिसतं, आत 6.747...)
=IF(D2>=6.75,"Yes","No")  (No)

=ROUND(B2/C2,2)           (6.75)
=TRUNC(B2/C2,2)           (6.74)
```

सर चांगले होते, म्हणाले कंपनीने मार्कशीटवरचा आकडा मागितलाय तर मार्कशीटवरचाच घेऊ, ROUND टाकलं आणि यादीत तीन नावं वाढली. तिची निवड झाली नाही ते वेगळं, पण परीक्षेला तरी बसली.

खरा अन्याय कुठे होतो माहितीये? दर सेमिस्टरचा एसजीपीए कापायचा आणि मग त्या कापलेल्या आठ आकड्यांवरून सीजीपीए काढायचा. प्रत्येक वेळी ०.०१ च्या आतलं काहीतरी जातं, सरासरी धरलं तर ०.००५, आणि सगळं एकाच बाजूला जातं म्हणून सीजीपीए पण साधारण तेवढाच खाली बसतो. आता ११४८ वाला घे, त्याचा खरा आकडा ६.७५२९, तो कसाही मोजला तरी पात्र. त्यातून ०.००५ गेले की ६.७४७९, वरून परत शेवटी कापलं, झालं ६.७४. हा पोरगा खरंच पावणेसातच्या वर होता आणि बाहेर पडला. दर सेमिस्टरला राऊंड ऑफ केलं तर काही वर जातात काही खाली, बरंचसं जुळून येतं, तरी अगदी रेषेवरच्या पोराला तेही नडू शकतं. म्हणून एसजीपीएची सरासरी घेऊन भांडू नको, मूळ बेरजेवर ये.

तर तू असं कर. आठही सेमिस्टरच्या मार्कशीट काढ, प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट एका कागदावर मांड, बॅकलॉग काढलेल्या विषयाचा जुना ग्रेड चुकून धरला नाहीस ना ते बघ, पोरांचे आकडे तिथेच चुकतात. ऑडिटचे आणि नुसते पास-नापासवाले विषय असतील तर ते क्रेडिटमध्ये मोजायचे का ते पण अध्यादेशात बघ, भागणारा आकडाच बदलतो त्याने. बेरीज ११४७ च आली तर अध्यादेशातलं ते कलम जोडून कॉलेजमार्फत परीक्षा विभागाला अर्ज दे, पोच घे, तोंडी विचारलं तर "सिस्टिममधून असंच येतं" एवढंच ऐकायला मिळेल. आणि बेरीज ११४८ किंवा वर आली तर अर्जात राऊंड ऑफचा शब्दच काढू नको, सरळ लिही की बेरीज भागिले क्रेडिट केलं तर ६.७५ च्या वर येतं, फेरतपासणी करा. ते दुसरंच प्रकरण आहे आणि त्यात तुझी बाजू जास्त भक्कम आहे.

सुधारलेली मार्कशीट आली की त्याच खिडकीवर टक्केवारीचं कन्व्हर्जन सर्टिफिकेट पण मागून घे, त्यावर ६०.०० लिहून येऊ दे. फॉर्मची शेवटची तारीख त्याआधी असेल तर मात्र ६.७४ वर फॉर्म भरून फी घालवू नको.