चाळीस अधिक दहा अधिक पाच म्हणजे पंचावन्न नव्हे

प्रश्न: सर, मी सेलू तालुक्यातला शेतकरी. विहिरीपासून खालच्या रानापर्यंत पाइपलाइन करायची आहे. ९० मिमीचे ७५ पाइप लागतात, लिस्टप्रमाणे १ लाख २० हजार होतात. परभणीचा दुकानदार लिस्टवर ४०, वर १०, आणि रोख दिले तर आणखी ५ टक्के सूट देतो, म्हणजे ५५ टक्के. सेलूचा दुकानदार त्याच कंपनीच्या त्याच पाइपवर सरळ ५० टक्के देतो. अर्धे पैसे आता, अर्धे सोयाबीन विकल्यावर दोन महिन्यांत, व्याज नाही. माझ्याकडे ४० हजार आहेत. बाकीच्यासाठी घरातल्या सोन्यावर कर्ज काढून परभणीचाच माल उचलावा म्हणतो. बँक महिना १ टक्का व्याज सांगते. परभणीहून टेम्पोचे भाडे १,८०० आहे, सेलूहून ८००. करू का?

उत्तर:

नमस्कार भाऊ. सोनं घरातच राहू द्या आणि सेलूहून माल घ्या. परभणीचा भाव तुम्हाला वाटतो तसा स्वस्त नाही; उलट तो महाग आहे.

तुम्ही पाठवलेला परभणीच्या कोटेशनचा फोटो पाहिला. छापील रकमेखाली दुकानदारानं निळ्या पेनानं "40+10+5" असं लिहून दिलंय. हार्डवेअर, पाइप, वायर, सॅनिटरी या धंद्यांत सूट अशीच लिहायची पद्धत आहे, आणि तो माणूस तुम्हाला फसवत नाहीये. मधली अधिकची खूण वाचून आपण बेरीज करतो, तिथंच गडबड होते. व्यापाऱ्याच्या भाषेत तिचा अर्थ "आधीची सूट वजा केल्यावर जे उरलं, त्यावर पुढची सूट" असा असतो.

लिस्टचे १०० रुपये धरून चला. ४० टक्के गेले, उरले ६०. पुढचे १० टक्के या ६० चे आहेत, म्हणजे ६ रुपये. उरले ५४. रोखीचे ५ टक्के या ५४ चे, म्हणजे २ रुपये ७० पैसे. शेवटी उरले ५१ रुपये ३० पैसे. एकूण सूट शेकडा ४८.७० झाली. सेलूवाल्याच्या सरळ ५० पेक्षाही कमी.

मग ५५ मधले ६ रुपये ३० पैसे गेले कुठं? हे एकदा नीट पाहा, म्हणजे पुन्हा कुणी पाच-सहा सुटांची माळ लावली तरी चुकायचं नाही. बेरीज करताना आपण १० टक्के पूर्ण शंभरावर धरले. पण त्या शंभरातले ४० रुपये पहिल्याच सुटीत गेलेले होते. गेलेल्या ४० रुपयांवर पुन्हा १० टक्के सूट कोण देणार? तिथले ४ रुपये आपण फुकट मोजले. तसंच ५ टक्के धरताना आधी गेलेल्या ४६ रुपयांवरही सूट मोजली, ते २ रुपये ३० पैसे. दोन्ही मिळून बरोबर ६ रुपये ३० पैसे. तुमच्या १ लाख २० हजारांच्या मालावर हेच ७,५६० रुपये होतात. तुम्ही ५४ हजारांचं बिल डोक्यात धरलंय, प्रत्यक्षात ते ६१,५६० चं आहे. सेलूचं ६० हजारांचं.

मोबाइलवर ताडून पाहायचं असेल तर सूट वजा करत बसू नका, उरलेल्या भागानं गुणा. ४० गेले की ०.६ उरतात, १० गेले की ०.९, ५ गेले की ०.९५:

120000 × 0.6 × 0.9 × 0.95 = 61560

हा गुणाकार आहे, म्हणून कोणती सूट आधी आणि कोणती नंतर यानं काही फरक पडत नाही. "आधी रोखीची पाच काढतो, मग चाळीस" असं म्हणून कुणी मेहेरबानी दाखवली तरी आकडा तोच येतो. सूट रुपयांत असेल तेव्हा मात्र क्रम बघावा लागतो. कुणी ५०० रुपये कमी करत असेल तर ते सगळ्या टक्क्यांनंतर, शेवटच्या रकमेतून कमी करून घ्या. लिस्टमधूनच आधी कमी केले तर पुढच्या ४० टक्क्यांनंतर त्या ५०० चे तुमच्या पदरात ३०० च उरतात.

आता जीएसटी. दोन्ही कोटेशनवर तो धरलेला नाही. पीव्हीसी पाइपला १८ टक्के लागतो, आणि तुम्ही नोंदणीकृत व्यापारी नसल्यामुळे त्याचा परतावा तुम्हाला मिळत नाही. तो खर्चच आहे. सूट बिलावरच दाखवली तर कर सूट वजा केलेल्या रकमेवर लागतो. म्हणजे परभणीचं बिल ७२,६४१ आणि सेलूचं ७०,८००. फरक १,८४१ रुपयांचा, सेलूच्या बाजूनं.

परभणीला एक गोष्ट मात्र विचारून घ्या, कारण ती कोटेशनवर दिसत नाही. रोखीची ५ टक्के सूट बिलातच वजा होणार, की नंतर क्रेडिट नोट देऊन? क्रेडिट नोट असेल तर बिल ६४,८०० वर बनतं, कर धरून ७६,४६४ रुपये भरावे लागतात आणि मग ३,२४० रुपये परत येतात. करातली कपात सहसा अशा वेळी मिळत नाही, म्हणून तुमचा खर्च ७२,६४१ ऐवजी ७३,२२४ होतो. शिवाय ते ३,२४० बहुतेक वेळा पुढच्या खरेदीत वळते करून मिळतात. दुकानदाराला दुसऱ्या दुकानदाराकडून हे चालतं, त्याची खरेदी दर महिन्याला असते. तुम्ही पाइपलाइन पुन्हा कधी करणार?

आता तुमच्या खिशाच्या बाजूनं बघू. परभणीत सूट बिलातच मिळाली असं चांगलंच धरतो. बिल ७२,६४१, टेम्पो १,८००, एकूण ७४,४४१. तुमचे ४० हजार गेले की सोन्यावर साधारण ३४,४४१ काढावे लागतील. दोन महिन्यांचं व्याज ६८९. बँकेचं मूल्यांकन शुल्क वेगळं, ते मी यात धरलेलंही नाही. सगळं मिळून ७५,१३० रुपये. सेलूला बिल ७०,८०० आणि टेम्पो ८००, म्हणजे ७१,६००. त्यातले आज फक्त ३६,२०० लागतात, ते तुमच्याजवळ आहेत; वर ३,८०० हातात राहतात, चर खोदायला उपयोगी पडतील. साडेतीन हजारांचा फरक आहे भाऊ, आणि घरातलं सोनंही बँकेत जात नाही.

तरीही परभणीच्या दुकानदाराशी तुमची जुनी ओळख असेल, किंवा त्याच्याकडं माल लगेच मिळत असेल, तर बोलून बघायला हरकत नाही. पण काय मागायचं हे आकड्यात ठरवून जा. नुसतं सेलूच्या बिलाच्या बरोबरीला यायचं तर त्याला ५४ वरून ५० वर उतरावं लागतं. ५४ चे ४ म्हणजे जवळपास साडेसात टक्के. म्हणजे रोखीचे ५ नाही, साडेसात. त्यात टेम्पोचे जादा हजार आणि कर्जाचं व्याज भरून निघत नाही. ते सगळं धरून परभणी परवडायची असेल तर रोखीची सूट १० टक्के हवी. तेव्हा बिल ६८,८१८ चं होतं आणि भाडं-व्याज धरून ७१,२३० मध्ये भागतं. सेलूपेक्षा ३७० रुपये कमी. एवढ्यासाठी मी स्वतः सोनं गहाण टाकणार नाही. आणि बघा, "४०+१०+१०" ऐकायला ६० वाटतात, पण ती सूट ५१.४० च आहे.

प्रत्येक ठिकाणी एवढं ताणायची गरज नसते. बियाण्याच्या पिशवीवर ५ आणि वर ३ टक्के कुणी देत असेल, तर ८ ऐवजी ७.८५ मिळतात, हजार रुपयांमागं दीड रुपयाचा फरक, तो सोडून द्या. सुटी मोठ्या असल्या तरच त्यांची बेरीज जास्त फसवते. कपड्यांच्या दुकानावर "५० + ५०" लागतं तेव्हा माल फुकट मिळत नसतो, पाव किमतीत मिळतो, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. ४० आणि १० लिहिलं की तेच गणित नजरेआड होतं, एवढंच.

सेलूला जाताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, सूट कितीची हे न बोलता एका पाइपचा करासह पडणारा भाव विचारा. लिस्टला १,६०० चा पाइप ५० टक्क्यांनी ८०० ला आणि कर धरून ९४४ ला पडला पाहिजे. परभणीचा तोच पाइप ९६८ रुपये ५४ पैशांना पडतो. दोन दुकानांच्या लिस्ट वेगवेगळ्या तारखांच्या असल्या तर टक्केवारीची तुलना कामाची नाही, एका पाइपचा भावच खरा. दुसरी, पाइपवर छापलेली ओळ वाचा. त्यावर आयएस ४९८५ हे मानक, ९० मिमी आणि दाबाचा आकडा असतो. तुमच्या कोटेशनवर ६ किलोचा पाइप आहे. ४ किलोचा पाइप बाहेरून त्याच जाडीचा दिसतो, पण भिंत पातळ असते आणि वजनही कमी. तो ५० टक्के सुटीत मिळाला तरी तुम्ही सहा किलोचेच पैसे मोजत असता. टेम्पोतून उतरवताना दोन-चार पाइप उचलून बघा, छाप वाचा, नग ७५ मोजा, मगच सही करा.

तिसरी गोष्ट उधारीची. उरलेले ३५,४०० कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, आणि तोवर व्याज नाही, हे बिलावरच लिहून घ्या. दुकानदार भला असला तरी हिशोब बघणारा त्याचा मुलगा वेगळा असू शकतो. "सोयाबीन विकल्यावर" असं लिहू नका, तारीख लिहा, आणि ती दिवाळीनंतर पंधरा दिवसांची मागून घ्या. भाव पडलेला असताना, नुसती उधारी फेडायची म्हणून सोयाबीन आडतीवर टाकायची पाळी येता कामा नये. क्विंटलमागं दोनशे रुपये कमी मिळाले तर वीस क्विंटलात ४ हजार जातात, आणि इथं वाचवलेले साडेतीन हजार तिथंच संपतात.

महाडीबीटीवर पाइपलाइनसाठी अर्ज केला असेल तर पूर्वसंमतीपत्र हातात येईपर्यंत बिल करू नका, आधीची तारीख असलेलं बिल अनुदानाला चालत नाही. अर्ज केलेला नसेल तर या आठवड्यातच सेलूला जाऊन या.