एनक्लेक्सचे ‘सिलेक्ट ऑल’ प्रश्न: पर्याय कसे गाळायचे

एनक्लेक्स या नर्सिंगच्या परवाना परीक्षेतल्या ‘सिलेक्ट ऑल’ प्रश्नात लागू पडणारे सगळे पर्याय टिक करायचे असतात. ‘किती उत्तरं बरोबर असतील?’ हा विचार आधी सोड. बरोबर पर्याय एकही असू शकतो, सगळेही असू शकतात. पर्यायांची एकमेकांशी तुलना करू नकोस. बाकीचे झाकून प्रत्येकाला विचार: या पेशंटसाठी, आत्ता, हे बरोबर का?

उदाहरण घे. हार्ट फेल्युअरचा पेशंट, डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड चालू. पोटॅशियम २.९, पल्स ५२, मळमळ, दिव्याभोवती पिवळी वलयं. नर्सने काय करावं?

- डिगॉक्सिनचा डोस थांबवून डॉक्टरांना कळवणं: हो. पल्स ६० च्या खाली आहे आणि लक्षणं विषबाधेची आहेत.
- कार्डिॲक मॉनिटर लावणं: हो.
- फ्युरोसेमाइड वेळेवर देणं: नाही, पोटॅशियम आणखी उतरेल.
- पोटॅशियम आयव्ही पुश देणं: कधीच नाही, हृदय बंद पडू शकतं.
- केळी-संत्री कमी खायला सांगणं: नाही.

नवीन मुली शेवटच्या पर्यायावर हमखास फसतात. किडनीच्या पेशंटसाठी पाठ केलेलं वाक्य ओळखीचं वाटतं आणि टिक होते. इथे पोटॅशियम वाढलेलं नाही, घटलेलं आहे. आयव्ही पुशचा सापळा वेगळा आहे: पोटॅशियम द्यायला हवं हे खरं, पण पद्धत जीवघेणी. म्हणून पर्यायातलं औषध, मार्ग आणि वेळ वेगवेगळं वाच. एक भाग चुकला की अख्खा पर्याय बाद.

एप्रिल २०२३ पासून या प्रश्नांत चुकीच्या टिकेला एक गुण कापला जातो, मात्र त्या प्रश्नाचे गुण शून्याखाली जात नाहीत. त्यामुळे ‘का’ हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर टिक करू नकोस. सरावातही टिक न केलेल्या पर्यायापुढे कारण लिहीत जा.