सुक्या पाल्याच्या गोण्या

निवृत्तीनंतर मित्रासोबत एखादा छोटा व्यवसाय सहज बोलता बोलता सुचला, असे कुणाच्या बाबतीत घडले आहे का? पुढे तो जमला का?

आमच्या बाबतीत घडले, तेही शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारताना. माझे आयुष्य कापड गिरणीच्या रंगखात्यातील प्रयोगशाळेत गेले, तर नाना बेस्टच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेला. मार्च महिना होता, पर्जन्यवृक्षांची पानगळ चालू होती, आणि नाना नेहमीप्रमाणे आपल्या सोसायटीच्या खताच्या पिंपाबद्दल कुरकुरत होता. पालिकेने 2017 मध्ये रोज 100 किलोंहून अधिक ओला कचरा करणाऱ्या सोसायट्यांना तो आवारातच जिरवायला सांगितले. नानाची सोसायटी चाळीस बिऱ्हाडांची, म्हणजे दिवसाला जेमतेम वीस किलोंची. तरीही त्यांनी हौसेने पिंपे घेतली होती आणि आता दुर्गंधीमुळे शेजारी भांडत होते.

मी म्हणालो, "अरे, भाजीची देठे आणि शिळा भात म्हणजे बहुतांशी पाणीच. हवा खेळली नाही, तर कचरा कुजण्याऐवजी सडणारच. त्यात सुका पाला घाला." त्यावर नाना म्हणाला, "मार्चमध्ये घालीन रे, जुलैत कोरडा पाला कुठून आणू?" समोर एक बाई पाल्याची गोणी शिवत होती. आमचा व्यवसाय त्या प्रश्नातच होता: उन्हाळ्यातला पाला साठवायचा आणि पावसाळ्यात विकायचा.

मैदानातला पाला पालिकेचा, म्हणून आम्ही ओळखीच्या इमारतींच्या आवारातला घेतो. पर्जन्यवृक्षाची बारीक पाने तशीच चालतात. देशी बदामाची मोठी पाने मात्र एकावर एक चिकटून हवा अडवतात, म्हणून ती नानाने जुन्या मोटारीला पाते बसवून केलेल्या यंत्रात चुरतो. प्रमाण सोपे आहे: बादलीभर कचऱ्याला बादलीभर चुरा. मूठभर मिश्रण दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला वाढवावा, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडावे. नानाच्या पिंपात तिसऱ्या दिवशी तापमापक 58 अंशांवर गेला आणि आठवड्यात वास थांबला.

अडचण निघाली ती जागेची. त्या एका सोसायटीला दोन दिवसांत एक गोणी लागते, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांना साठ. दादरमध्ये साठ गोण्या ठेवायला जागा मागणे म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको. नानाच्या सोसायटीने बंद पडलेली पंपाची खोली दिली. पहिल्या वर्षी गोण्या थेट फरशीवर रचल्या, तेव्हा खालच्या बारा ओल धरून बुरसटल्या; आता खाली लाकडी फळ्या घालतो, आणि गोणी भरण्यापूर्वी पाला दोन दिवस गच्चीवर वाळवतो.

खोलीत 180 गोण्या मावतात, म्हणून गिऱ्हाईक सोसायट्याही तीनच. गोणीला साठ रुपये घेतो, त्यातले पंधरा झाडणाऱ्या बाईंना देतो. माझी पत्नी याला व्यवसाय म्हणायला तयार नाही. चौथ्या सोसायटीने मागच्या आठवड्यात विचारणा केली, तेव्हा नानाने आधी त्यांच्या जिन्याखालची जागा मोजली.