केळीचा लॉट रिजेक्ट झाला, फोटोत चूक कुणाची दिसते?

प्रश्न: साहेब, गाडीत भरला तेव्हा माल हिरवागार न् स्वच्छ होता. आता व्यापाऱ्याचं पत्र आलंय फोटोसकट, काही केळी पिवळी काही हिरवी, वर काळे डाग, म्हणून सगळा लॉट रिजेक्ट. चूक आमची का त्यांच्या चेंबरची?

उत्तर: भाऊ, फोटो मोठे करून बघितले, थोडी तुमची आहे थोडी त्यांची.

पहिल्या फोटोत एकाच बॉक्समध्ये एक अख्खी फणी पिवळी आणि तिला चिकटून दुसरी अख्खी हिरवी आहे. चेंबरमधला गॅस एका फणीला लागला न् शेजारचीला नाही असं सहसा होत नाही, म्हणजे वेगवेगळ्या वयाचा माल एकत्र भरला गेलाय. एका घडातसुद्धा वरच्या फण्या आधी तयार होतात, त्यात निसवण दोन-तीन आठवडे मागेपुढे असलेले घड एकाच दिवशी कापले की हेच होतं. कापताना रंग सगळ्यांचा हिरवाच, फरक धारांवर कळतो, धारा टोकदार असतील तर केळं कोवळं, गोलावल्या असतील तर तयार.

शेवटच्या फोटोतलं कापलेलं केळं मात्र वेगळंय, साल हिरवट आणि आतला गर पार मऊ. हे उष्णतेचं काम. पिकवताना गराचं तापमान १६ ते १८ अंश लागतं, ते फार चढलं की गर पिकतो पण सालीचा हिरवा रंग जात नाही. पिकताना केळी स्वतःच उष्णता सोडतात, बॉक्स फट न ठेवता रचले तर मधले बॉक्स आतल्या आत तापतात. माल गाडीतूनच मऊ आला असता तर त्यांनी उतरवतानाच सांगितलं असतं, पत्र पिकवल्यावर आलंय.

आता डाग. हिरव्या केळ्याला मार बसला तर तेव्हा बऱ्याचदा काहीच दिसत नाही, पिवळं झालं की उमटतो, म्हणून तुमचं 'स्वच्छ होता' खोटं नाही पण पुरेसं पण नाही. दुसऱ्या फोटोत फक्त धारा काळ्या पडल्यात, ते घासणं, बॉक्स सैल भरल्याने केळी वाटभर हलली. तिसऱ्यात चपटा तपकिरी भाग आहे, तो दाब, बॉक्स गच्च भरून वर दुसरा ठेवला की असं होतं (बॉक्सवर उभं राहून गाडी भरणारेही मी बघितलेत).

व्यापाऱ्याला आजच लिहा, भांडू नका, विचारा: माल उतरवताना गराचं तापमान किती होतं, चेंबरची रोजची नोंद दाखवा, आणि फोटोतले बॉक्स थप्पीत नेमके कुठे होते. चार बॉक्सच्या फोटोवर अख्खा लॉट का, आमचा माणूस समोर ठेवून निवड करा म्हणावं, दबलेला माल वेगळा काढून उरलेल्याचा भाव ठरवा, पण उद्यापर्यंतच, पिकलेलं केळं थांबत नाही.

पुढच्या वेळी निसवणीच्या आठवड्याप्रमाणे घडाला वेगळ्या रंगाची रिबन बांधा, एका रंगाचाच माल एका बॉक्समध्ये, आणि त्यातही वरच्या न् शेवटच्या फण्या वेगळ्या भरा.