घुबडाचा इमोजी टाकण्याआधी ग्रुप बघ

भावा, टॉवेलच्या स्टॉकच्या मेसेजमध्ये तू 🦉 टाकलास, लक्ष्मीचं वाहन म्हणून, कळलं मला. पण सोलापुरातल्या त्या ग्रुपवर म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना घराच्या आढ्यावर बसलेलं घुबडच आठवतं, म्हणजे अपशकुन, आणि त्यात दिवाळीच्या तोंडावर. एखाद्याच्या फोटोखाली टाकलंस तर मग थोबाडावरच गेलास असं समज. कन्नड किंवा हिंदी बोलणारे त्यातनं 'मूर्ख' असं घेतील, ते वेगळंच.

हाच इमोजी कोलकात्याच्या व्यापाऱ्याला लक्ष्मीपूजेला पाठव, चालेल, तिकडं देवीच्या पायाशी पांढरं घुबड असतंच. जपानी पार्टीला तर नशिबाचा पक्षी वाटतो, तिकडं घुबडाच्या छोट्या मूर्ती शुभ म्हणून विकतात. आणि कॉलेजच्या पोरी रात्रभर जागलो सांगायला बिनधास्त टाकतात, त्यांना गोलगोल डोळे क्यूट वाटतात, बाकी काही नाही.

मिक्स ग्रुपला सरळ 🪔 टाक. तरी चुकून गेलंच तर रिप्लाय बघ, नेहमी अंगठा देणारे काका गप्प बसले किंवा कुणी नुसतं '?' टाकलं की लगेच डिलीट कर, समजावत बसू नको.