शेवटची ट्रिप आणि पुलावरचा फोन

प्रश्न: बस कंडक्टरवर छोटी कथा लिहितोय. तो रोज प्रवाशांचं बोलणं ऐकतो आणि त्यातून त्याला एक छोटीशी सर्व्हिस सुचते. पण जिथे सुचतं तो सीन खोटा वाटतोय, वाचलेल्या दोघांनीही तेच सांगितलं. शेवटी तो नोकरी सोडून ॲप काढतो असं दाखवलंय. कुठे चुकतंय?

उत्तर:

अठरा वर्षं कंडक्टरची बॅग खांद्याला होती, म्हणून उत्तर जरा लांबणार, आधीच सांगतो.

सुचतं तो सीन खोटा वाटतोय कारण असा सीन नसतोच. गाडीत माणूस काही ऐकायला बसत नाही हो, पुढचा टप्पा यायच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडून व्हायला पाहिजेत, मध्येच चेकर चढला आणि एक जरी विनातिकीट निघाला तर आपली मान अडकते, त्यामुळे कानावर पडतं ते अर्धं अर्धं. एकच वाक्य पंधरा दिवसांत दहा वेगळ्या तोंडून ऐकलं की मग कुठे खटकतं. आणि प्रवासी स्वतःची अडचण कंडक्टरला सांगतच नाहीत. ते घरी फोनवर सांगत असतात आणि आपण शेजारी उभे असतो एवढंच. तुमच्या कथेत प्रवासी थेट कंडक्टरलाच तक्रार सांगतो, तिथेच पहिली गडबड आहे.

ॲपचं म्हणाल तर ते काढून टाका. कंडक्टरकडे अशी कुठली गोष्ट असते जी गाडीत दुसऱ्या कोणाकडेच नसते? भांडवल नाही, वेळ तर अजिबात नाही. असतं एकच, कोण कुठे उतरणार हे त्याला आधी माहीत असतं. ड्रायव्हरला माहीत नसतं, शेजारच्या सीटवाल्याला नसतं, शेवटच्या थांब्यावर उभ्या रिक्षावाल्याला तर नसतंच. कथा त्यावर उभी करा. मी कशी केली असती ते सांगतो, आवडलं तर घ्या, नाव घालायचं तर घाला, मी त्याला नुसतं मास्तर म्हणतो, गाडीत तसंच हाक मारतात.

मास्तरची रात्रीची शेवटची ट्रिप. सुटायची वेळ ९:४०, शेवटच्या थांब्यावर पोचायची वेळ १०:२५, पण पोचते कधी १०:२० ला तर कधी १०:५० ला, कारण मध्ये एक चौक आहे जो रोज वेगळा वागतो. थांब्यापासून वस्ती दोनेक किलोमीटर आत, रस्त्याला दिवे नाहीत. गाडीत रोज कोणी ना कोणी फोनवर तेच बोलतंय, "हो निघालेय, बसलेय गाडीत, पण पुढे रिक्षा असेल का नाही काय माहीत." मास्तर तिकीट देतो, पुढे सरकतो.

एका रात्री तिकडे पोचल्यावर गाडी वळवताना त्याला शेवटची रिक्षा निघून जाताना दिसते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या ट्रिपला त्याच रिक्षावाल्याला तो सहज विचारतो, अरे पाच मिनिटं थांबत का नाहीस. तो म्हणतो, "मास्तर, तुमच्या गाडीला कोणी असतं की नाही मला काय स्वप्न पडतं? अर्धा तास थांबायचं आणि रिकामंच घरी जायचं, त्यापेक्षा सव्वादहाला गेलेलं बरं."

म्हणजे बघा, गाडीतल्यांना वाटतंय रिक्षा नाही आणि रिक्षावाल्याला वाटतंय प्रवासी नाही. दोघांचंही आपापल्या जागी बरोबरच. दोघांना जे माहीत नाही ते मास्तरच्या हातातल्या तिकिटाच्या मशीनमध्ये आहे.

आता इथे मास्तर हुशार आहे असं दाखवू नका, त्याला चुकू द्या. मी चुकलोच असतो. पहिल्या रात्री तो मशीनमध्ये बघतो, शेवटच्या थांब्याची ११ तिकिटं निघालीत, वर ४ पासवाले, त्यांचं तिकीटच निघत नाही त्यामुळे ते डोळ्यांनी मोजावे लागतात (नवीन कंडक्टर इथे हमखास फसतो). १५ माणसं! तो मोठ्याने विचारतो, "शेवटच्या थांब्यावर रिक्षा कोणाकोणाला लागेल?" नऊ हात वर. त्याला भारी वाटतं, रिक्षावाल्याला फोन करतो, तीन रिक्षा थांबवून ठेव म्हणतो. गाडी पोचते आणि रिक्षात बसतात दोन माणसं. बाकीच्यांतल्या कोणाचा भाऊ बाइक घेऊन आलाय, कोणाचं घर थांब्यामागेच आहे, एकजण म्हणतो "मी आपलं असलेली बरी म्हणून हात वर केला." तीन रिक्षावाल्यांनी मास्तरला जे ऐकवलं ते कथेत पूर्ण लिहा, वाचकाला मजा येईल आणि मास्तरला शिक्षा पण होईल.

या फसण्यातच कथेचा सगळा जीव आहे. "लागेल का?" विचारलं की माणूस हो म्हणतो, फुकट तर आहे हो म्हणणं. तिसऱ्या चौथ्या रात्री मास्तर प्रश्न बदलतो. मोठ्याने विचारत नाही, तिकीट देता देता एकेकाला हळूच विचारतो, "काल रात्री इथून घरी कसे गेलात?" आता उत्तरं वेगळी येतात. "मुलगा येतो न्यायला." "चालत, पाच मिनिटं तर आहे." आणि मग मागच्या सीटवरची एक बाई, हॉस्पिटलात दुपारपाळी संपवून येणारी, मशीनकडे बघत म्हणते, "चालत. मैत्रिणीला फोन लावून ठेवते घर येईपर्यंत, तिला झोप आली तरी ती धरून ठेवते." बस, हे एक वाक्य पुरे आहे. मास्तरने यावर काही बोलू नये, त्याने फक्त पुढच्या माणसाला तिकीट द्यावं.

मशीनचा कागदाचा रोल संपत आला की शेवटचा रंगीत पट्टा येतो, तो आम्ही फाडून टाकायचो. मास्तर त्याच्या मागे रेघा मारतो. उतरले किती, न्यायला आलं कोण, जवळचे किती, खरे अडकलेले किती. बारा रात्री. अडकलेले निघतात तीन, नाहीतर चार. शनिवारी सहा. पाऊस असला की आकडा वर जातो कारण बाइकवाले येत नाहीत. म्हणजे पंधरा माणसांच्या गाडीत खरी गरज एकाच रिक्षाची आहे, फार तर दोनची. मला विचाराल तर हा आकडा लहान निघतो तिथेच कथा खरी वाटायला लागते, दोनशे लोकांचं भलं वगैरे आलं की वाचक पान उलटतो.

आणि किती माणसं एवढंच सांगून भागत नाही, कधी हेही पाहिजे. स्टँडवरून निघतानाच फोन केला तर तो चौक सगळा घोळ करतो. मास्तरला इतक्या वर्षांत एक गोष्ट ठाऊक आहे, पूल ओलांडला की पुढे अडायला काही नाही, बारा मिनिटं म्हणजे बारा मिनिटं. म्हणून फोन पुलाजवळच्या थांब्यावरून. गाडी उभी, दोघं चढतायत, तेवढ्यात मास्तर नंबर लावून दोनच शब्द बोलतो, "चारजण, पूल," आणि डबल बेल. रिक्षावाल्याला आता अर्धा तास थांबायचं नाही, घरी जेवून बारा मिनिटांत यायचं आहे. तो येतो. दुसऱ्या रात्रीही येतो.

याच्यापुढे खरी अडचण सुरू होते आणि ती तुमच्या ड्राफ्टमध्ये कुठेच नाहीये. महिनाभराने रिक्षावाला मास्तरच्या हातात काहीतरी गुंडाळून ठेवायला बघतो, "तुमचं." मास्तर घेत नाही. मोठेपणा म्हणून दाखवू नका, साधं कारण आहे. ड्युटीवर बॅगेतली रोकड वेबिलाशी, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाशी, जुळावी लागते, स्वतःचे किती पैसे जवळ आहेत ते आधी लिहून द्यावं लागतं, जास्तीची एक नोट सापडली तर उत्तर देत बसा. आणि दुसरं म्हणजे ज्या दिवशी तो पैसे घेईल त्या दिवसापासून "काल कसे गेलात" हा प्रश्न धंद्याचा होईल आणि ती मागच्या सीटवरची बाई उत्तर देणार नाही. दुसरा एक रिक्षावाला भांडायला येतो की त्यालाच का फोन, मला का नाही. त्यावर तोडगा असा की एक आठवडा एकाचा, एक दुसऱ्याचा, आणि जो येतो म्हणून आला नाही त्याची पाळी गेली. बाई रिक्षात बसली की मास्तर रिक्षाचा नंबर मोठ्याने वाचतो, सगळ्यांना ऐकू जाईल असा, लिहून वगैरे काही नाही.

मग साप्ताहिक सुट्टी. मास्तर घरी, गाडीवर दुसरा कंडक्टर, त्याला काही माहीत नाही. पुलावरून फोन गेला नाही, रिक्षा आली नाही आणि त्या दिवशी नेमका पाऊस. दुसऱ्या दिवशी ती बाई काहीही बोलत नाही, नुसतं तिकीट घेते. मास्तरला कळतं की आपण सोय केली नाहीये, आपण नुसतं लोकांना आपल्या फोनची सवय लावलीय. तो डेपोत जाऊन विचारतो की गाडीत रिक्षावाल्याचा नंबर लावू का, साहेब म्हणतात खाजगी माणसाचा नंबर गाडीत लावता येणार नाही, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार. साहेबाला व्हिलन करू नका प्लीज, त्याचंही बरोबर आहे.

म्हणून मास्तर काम स्वतःच्या हातून सोडतो. रोज पुढच्या सीटवर बसणारा एक कॉलेजचा पोरगा आहे, कानात इयरफोन घालून बसणारा. त्याला म्हणतो, "पूल आला की तू फोन करायचा. मोजायचं कसं ते मी दाखवतो." पोरगा आधी कंटाळतो, मग मोजायला लागतो, मास्तरपेक्षा बरोबर मोजतो, कारण त्याला तिकिटं फाडायची नसतात. तो नसेल त्या दिवशी त्या बाईने करायचा, असं त्या दोघांनीच आपसात ठरवलंय, मास्तरला कोणी विचारलंही नाही.

शेवट मी असा केला असता. सहा महिन्यांनी मास्तरची ड्युटी बदलते, सकाळची गाडी मिळते. एके दिवशी डेपोत कॅश जमा करायच्या रांगेत रात्रीच्या गाडीवरचा नवा कंडक्टर त्याला विचारतो, "मास्तर, तुम्ही होता ना त्या गाडीवर? ते पुलावर सगळे एकदम गप्प होतात आणि ते पोरगं कोणाला तरी फोन लावून नुसतं 'पाच, पूल' म्हणतं, काय भानगड आहे ती?"

मास्तर सुट्टी नाणी मोजत असतो. तो विचारतो, "पाच? काल शनिवार होता का?"